बिलाच्या तक्त्यात नावे एका ओळीची आणि आकडे दुसऱ्या ओळीचे: चुकलेला सॉर्ट, फाइंड-रिप्लेस आणि पुसले गेलेले फॉर्म्युले परत कसे आणावेत

करवीर तालुक्यातील एका गावच्या दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल गूगल शीट्समध्ये तयार होते. गेल्या वर्षी त्या बिलात असा प्रकार घडला की बेरजा सगळ्या जुळत होत्या आणि तरीही निम्म्याहून अधिक सभासदांना चुकीची रक्कम जाणार होती. मी कोल्हापुरात शाहूपुरीत बसून अशा काही लहान संस्थांचे संगणकीय हिशेब पाहतो. हाच बिघाड थोड्याफार फरकाने वर्षातून तीन-चार वेळा माझ्यापर्यंत येत असल्यामुळे तो एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

त्या तक्त्यात १४२ सभासद होते आणि ओळी २ ते १४३ पर्यंत होत्या. A स्तंभात सभासद क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये दहा दिवसांचे एकूण लिटर, D मध्ये सरासरी फॅट, E मध्ये दर, F मध्ये रक्कम, G मध्ये पशुखाद्याची कपात आणि H मध्ये देय रक्कम अशी मांडणी होती. F आणि H हे फॉर्म्युले होते, बाकीचे हाताने किंवा संकलनाच्या टॅबवरून आलेले आकडे होते. ११ तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास कार्यालयातील मदतनिसाने एक नाव पटकन सापडावे म्हणून फक्त B स्तंभ निवडला आणि तो अकारविल्हे लावला. गूगल शीट्समध्ये निवडलेल्या भागापुरता सॉर्ट केला, तर तेवढाच भाग हलतो आणि शेजारचे स्तंभ जागचे हलत नाहीत. एक्सेल अशा वेळी सहसा विचारते की निवड वाढवायची का, पण तिथेही घाईत Continue with the current selection वर बोट पडतेच.

चूक लक्षात आली ती १२ तारखेच्या संध्याकाळी, जेव्हा ५८ क्रमांकाचे सभासद दारात येऊन म्हणाले, "नाव माझं हाय, पर दूध माझं न्हाई." त्यांचे दूध ६१.५ लिटर आणि दर ५४ रुपये, म्हणजे रक्कम ३,३२१ रुपये व्हायला हवी होती. त्यांचे नाव मात्र ९७ क्रमांकाच्या ओळीत जाऊन बसले होते, जिथे दूध २४ लिटर, दर ५२ रुपये आणि रक्कम १,२४८ रुपये होती.

ही चूक दीड दिवस कोणालाही दिसली नाही याचे कारण साधे आहे. नावे आपसात बदलली तरी लिटरची बेरीज, रकमेची बेरीज आणि देय रकमेची बेरीज तीच राहते, त्यामुळे शेवटच्या ओळीवर नजर टाकून बिल तपासणाऱ्या सचिवांना काहीही वावगे वाटत नाही. ओळखण्याची खूण वेगळीच आहे: क्रमांक १, २, ३ असे सरळ उतरत असताना शेजारची नावेही अ, आ, इ अशी सरळ उतरत असतील, तर दोन्हींपैकी एक स्तंभ एकटाच हललेला आहे. सभासद नोंदणीच्या क्रमाने नावे कधीच अकारविल्हे येत नसतात.

आधी काय हलले ते ठरवा

काहीही करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे: पूर्ण ओळी हलल्या की एकच स्तंभ हलला? पूर्ण ओळी हलल्या असतील, म्हणजे क्रमांक, नाव आणि आकडे एकत्रच वरखाली झाले असतील, तर क्रमांकाच्या स्तंभावर सगळा तक्ता पुन्हा सॉर्ट केला की मूळ क्रम परत मिळतो आणि जुनी आवृत्ती उघडण्याची गरजही पडत नाही. यात अपवाद एवढाच की एखादा फॉर्म्युला वरच्या ओळीकडे बघत असेल, जसे मागील बाकीची चालती बेरीज, तर तो मधल्या काळात वेडेवाकडे आकडे दाखवतो आणि पुन्हा सॉर्ट केल्यानंतरही त्याचे संदर्भ एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात. एकच स्तंभ हलला असेल, तर मात्र पुन्हा सॉर्ट करून काहीच साधत नाही, कारण कोणते नाव कोणत्या क्रमांकाचे होते ही माहिती त्या तक्त्यात उरलेलीच नसते. नावे-क्रमांकांची वेगळी सभासद यादी असेल तर तिच्यावरून नावे परत ओढता येतात. या संस्थेची यादी दोन वर्षे जुनी होती आणि मधले नवे सभासद तिच्यात नव्हते.

Undo कुठपर्यंत साथ देते

चूक झाल्याझाल्या लक्षात आली, तर Ctrl+Z इतका सोपा उपाय दुसरा नाही, पण त्याच्या मर्यादा माहीत नसल्यामुळेच लोक तो हातचा घालवतात. गूगल शीट्समध्ये ही साखळी त्या उघड्या टॅबपुरती असते. पान रिफ्रेश केले किंवा टॅब बंद केला की ती संपते. शिवाय एकाच फाइलवर दोघे काम करत असतील, तर तुमचे Ctrl+Z तुमचेच बदल मागे घेते, दुसऱ्याचे नाही, म्हणून ज्याच्या यंत्रावर चूक झाली त्यानेच ते दाबले पाहिजे आणि तोवर दुसऱ्याने त्या भागात लिहिणे थांबवले पाहिजे. मदतनिसाने सॉर्ट केल्यानंतर लगेच टॅब बंद केला होता, त्यामुळे हा रस्ता ११ तारखेला दुपारीच बंद झाला होता.

एक्सेलमध्ये साधारण १०० पायऱ्यांपर्यंत मागे जाता येते आणि मधे फाइल सेव्ह केली म्हणून साखळी तुटत नाही, मात्र फाइल बंद केली किंवा मॅक्रो चालवला की ती पुसली जाते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते: एकाच वेळी दोन वर्कबुक उघडी असतील, तर एक्सेलची ही साखळी दोघांची मिळून एकच असते. म्हणजे बिलातील चूक मागे घेण्यासाठी चार-पाच वेळा Ctrl+Z दाबले, तर त्यातले काही दाब शेजारच्या वर्कबुकमधली बरोबर नोंदही पुसू शकतात. प्रत्येक दाबानंतर काय बदलले ते पाहावे. जास्त मागे गेलात तर Ctrl+Y ने पुढे येता येते, पण मधे एक अक्षर जरी टाइप केले तरी पुढे येण्याची वाट बंद होते.

एक्सेलची फाइल संगणकावरच असेल, AutoSave बंद असेल आणि चुकीनंतर तुम्ही सेव्ह केलेले नसेल, तर ती सेव्ह न करता बंद करणे हा सगळ्यांत स्वच्छ उपाय आहे. जे गमावाल ते शेवटच्या सेव्हनंतरचेच काम. AutoSave चालू असेल तर ही युक्ती उलटते, कारण चूक केव्हाच जतन झालेली असते, आणि तेव्हा File → Info → Version History मधून वनड्राइव्हवरची जुनी आवृत्ती उघडावी लागते. वनड्राइव्ह नसेल आणि विंडोजची File History आधीपासून सुरू केलेली नसेल, तर फार आशा धरू नये. अशा वेळी मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ही फाइल तुम्ही कोणाला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवली होती का. लेखापरीक्षकाकडे चार दिवसांपूर्वी गेलेली प्रत हीसुद्धा जुनी आवृत्तीच असते.

पूर्ण फाइल मागे न नेता जुने परत आणणे

गूगल शीट्समध्ये File → Version history → See version history उघडले की उजव्या बाजूला तारीख-वेळेनुसार आवृत्त्यांची यादी येते. त्यासाठी फाइल संपादित करण्याचा अधिकार लागतो. नुसती पाहण्याची परवानगी असलेल्याला ती दिसत नाही. एकेका नोंदीशेजारचा छोटा बाण उघडला की तिच्या आतल्या बारीक आवृत्त्या दिसतात, आणि बदल दाखवण्याची खूण चालू ठेवली की बदललेले रकाने ज्याने बदलले त्याच्या रंगात उठून दिसतात. चुकीचा सॉर्ट इथे चटकन सापडतो, कारण एखाददुसरा रकाना नव्हे तर अख्खा स्तंभ एका रंगात रंगलेला असतो. आमच्या बाबतीत ११ तारखेच्या सकाळी साडेअकराच्या आसपासच्या आवृत्तीत B स्तंभ वरपासून खालपर्यंत रंगलेला होता, म्हणून तिच्या लगेच आधीची आवृत्ती ही आपल्याला हवी असलेली होती.

इथेच बहुतेकांचा हात Restore this version या बटणाकडे जातो. ते बटण धोकादायक नाही, कारण त्यानंतरही मधल्या आवृत्त्या यादीत राहतात आणि पुन्हा पुढे येता येते. पण ते एका टॅबपुरते काम करत नाही, सगळी फाइल त्या वेळेला नेऊन ठेवते. याच फाइलच्या दुसऱ्या टॅबमध्ये ११ तारखेच्या संध्याकाळचे आणि १२ तारखेच्या सकाळचे संकलन भरून झाले होते, म्हणजे १४२ सभासदांच्या दोन वेळांच्या मिळून २८४ नोंदी, आणि नावांचा एक स्तंभ परत मिळवण्यासाठी त्या सगळ्या गेल्या असत्या. मधल्या काळात फारसे काम झालेले नसेल आणि जे झाले ते कागदावर असेल, तर मी स्वतः बिनदिक्कत पूर्ण आवृत्ती मागे नेतो. या प्रसंगी तसे करणे परवडणारे नव्हते.

म्हणून प्रथम File → Version history → Name current version मधून सध्याच्या बिघडलेल्या स्थितीला "दुरुस्तीपूर्वी" असे नाव दिले. बिघडलेली प्रत जपून ठेवण्याचे कारण पुढे कळेल. नंतर जुन्या आवृत्तीशेजारच्या तीन टिंबांवरून Make a copy निवडून तिची वेगळी फाइल केली. त्या नव्या फाइलमधील बिलाच्या टॅबवर उजवे बटण दाबून Copy to → Existing spreadsheet मधून तो टॅब मूळ फाइलमध्ये आणला आणि त्याचे नाव "जुनी" असे ठेवले. येथे एक खबरदारी आहे: असा आणलेला टॅब दुसऱ्या टॅबकडे बघणारे फॉर्म्युले घेऊन येतो आणि ते आता आजच्या आकड्यांवर चालू शकतात. म्हणून त्या टॅबमधून हाताने भरलेल्या गोष्टीच घ्याव्यात, फॉर्म्युल्यांचे निकाल घेऊ नयेत.

मूळ बिलाच्या मोकळ्या J स्तंभात दुसऱ्या ओळीत पुढील फॉर्म्युला लिहून तो १४३ व्या ओळीपर्यंत ओढला:

```
=VLOOKUP(A2,'जुनी'!$A$2:$B$143,2,FALSE)
```

क्रमांकाचा स्तंभ हललेला नसल्यामुळे प्रत्येक क्रमांकासमोर त्याचे खरे नाव आले. शेवटचा FALSE विसरू नये, नाहीतर तंतोतंत क्रमांक न सापडल्यास शेजारचाच गळ्यात पडतो. कुठे #N/A दिसले तर बहुधा तिथला क्रमांक एका टॅबमध्ये संख्या म्हणून आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून पडलेला असतो. सगळी नावे आली की J स्तंभ कॉपी करून B वर Ctrl+Shift+V ने फक्त मूल्ये चिकटवली. दोन्ही टॅबमध्ये ओळींचा क्रम तोच असल्याने जुना B सरळ कॉपी करूनही चालले असते, पण मधे एखादी ओळ वाढली असेल तर त्या पद्धतीत खालची सगळी नावे एका ओळीने घसरतात आणि नवी चूक जन्माला येते.

नावे जागेवर आली तरी काम संपत नाही

खरी मेख यापुढे आहे आणि ती मलाही पहिल्यांदा सुचली नव्हती. सॉर्ट झाल्यानंतरच्या दीड दिवसात मदतनिसाने पशुखाद्याच्या १९ पावत्या G स्तंभात भरल्या होत्या. त्याला विचारले, "ओळ शोधलीस ती नावावरून की नंबरवरून?" तो म्हणाला, "नावावरून, सर. नाव शोधायलाच तर सॉर्ट केलं होतं." म्हणजे त्या १९ कपाती नावासमोर बरोबर होत्या, पण नावेच चुकीच्या ओळींत होती. ५८ क्रमांकाच्या सभासदाची ८५० रुपयांची पावती ९७ व्या क्रमांकाच्या ओळीत पडली होती आणि तिथे देय रक्कम १,२४८ वजा ८५० म्हणजे ३९८ रुपये दिसत होती. आम्ही नावे परत आणून थांबलो असतो, तर ५८ क्रमांकाला कपातीशिवाय पूर्ण ३,३२१ रुपये गेले असते आणि ९७ क्रमांकाच्या, ज्यांनी खाद्य घेतलेच नव्हते, त्यांच्या हातात ३९८ रुपये पडले असते. कपातीची बेरीज याही वेळी तंतोतंत जुळली असती.

म्हणून G स्तंभही "जुनी" टॅबवरून त्याच पद्धतीने परत आणला, फक्त फॉर्म्युल्यात पट्टा H पर्यंत वाढवून स्तंभाचा क्रमांक ७ केला:

```
=VLOOKUP(A2,'जुनी'!$A$2:$H$143,7,FALSE)
```

आणि मग त्या १९ पावत्या कागदावरून नव्याने, या वेळी क्रमांक पाहून भरल्या. नेमक्या कोणत्या १९ हे "दुरुस्तीपूर्वी" या आवृत्तीतून कळले. तिच्यातला G आणि जुना G यांत जिथे फरक होता तेच रकाने नंतर भरलेले होते. पावत्या गहाळ असत्या, तर त्याच बिघडलेल्या प्रतीतील नाव आणि कपात यांची जोडी हा एकमेव पुरावा उरला असता.

फाइंड-रिप्लेस उलटे चालवू नका

दुसरा नेहमीचा अपघात Ctrl+H चा. एका संस्थेत मोबाइल क्रमांकांतील आडव्या रेघा काढण्यासाठी रेघ शोधून तिच्या जागी काहीच नको, असा बदल केला गेला. गूगल शीट्समध्ये त्या चौकटीत शोधाची कक्षा All sheets अशी असू शकते, आणि ती तशीच राहिल्यामुळे वजा म्हणून लिहिलेल्या कपाती अधिक झाल्या. -४५० चे ४५० झाले. Also search within formulas ही खूणही लावलेली असल्याने =F2-G2 चे =F2G2 होऊन देय रकमेच्या स्तंभात चुकांची रांग लागली. चूक दाखवणारे रकाने निदान दिसतात तरी, पण चिन्ह हरवलेले ४५० दिसायला अगदी निरोगी असते.

अशा वेळी उलटा रिप्लेस करून सुटका होत नाही. पुसलेली रेघ कुठे होती हे कुठेच लिहिलेले नसते. एका शब्दाच्या जागी दुसरा घातला असेल, तरी उलटा बदल त्या दुसऱ्या शब्दाच्या आधीपासून असलेल्या जागाही बदलतो. ३७ चे ७३ केले आणि मग ७३ चे ३७ केले, तर मुळात ७३ असलेलेही ३७ होतात, आणि Match entire cell contents ही खूण नसेल तर ३७० चे ७३० होऊन गेलेले असते. येथे Ctrl+Z, नाहीतर जुनी आवृत्ती, एवढेच दोन मार्ग आहेत. अनेक टॅब एकदम बिघडलेले असल्यामुळे या प्रकारात पूर्ण आवृत्ती मागे नेणेच बहुधा श्रेयस्कर ठरते. एक्सेलचा रिप्लेस तर नेहमी फॉर्म्युल्यांच्या आतही शिरतो, त्यामुळे तिथे आधी पट्टा निवडून मगच Ctrl+H दाबावे.

फॉर्म्युल्यावर आकडा लिहिला गेला असेल तर

तिसरा प्रकार किरकोळ वाटतो, पण तो महिनोन्‌महिने लपून राहतो. कोणीतरी H मधील फॉर्म्युल्यावर २४७१ असा आकडा टाइप करतो, तो त्या दिवशी बरोबरही असतो, आणि पुढच्या बिलाला तीच फाइल वापरली की लिटर बदलतात पण देय रक्कम २४७१ वरून हलत नाही. Ctrl+` दाबले की फॉर्म्युले उघडे दिसतात आणि त्यांच्या रांगेत मधेच नुसता आकडा असेल तर तो डोळ्यांत भरतो. ओळी जास्त असतील तर शेजारच्या मोकळ्या स्तंभात हा फॉर्म्युला खाली ओढावा आणि FALSE आलेल्या ओळी पाहाव्यात:

```
=ISFORMULA(H2)
```

यासाठी सहसा जुनी आवृत्ती उघडावी लागत नाही. वरच्या शाबूत रकान्यातला फॉर्म्युला खाली ओढला की पुरे. फक्त आधी विचारून घ्यावे की तो आकडा कोणी मुद्दाम तर घातला नव्हता, कारण एखाद्या सभासदाची जुनी तडजोड अशीच हाताने लिहिलेली असते. अख्ख्या स्तंभावरच फक्त मूल्ये चिकटवली गेली असतील आणि वरही शाबूत फॉर्म्युला उरला नसेल, तर मात्र जुन्या आवृत्तीची वेगळी प्रत करावी, त्या प्रतीत एका रकान्याचा फॉर्म्युला वाचावा आणि तो मूळ तक्त्यात लिहून खाली ओढावा.

त्या दूध संस्थेत आता नाव शोधायचे असेल तर Ctrl+F वापरतात, आणि यादी अकारविल्हे पाहायचीच असेल तर Data मेनूतून फिल्टर व्ह्यू तयार करतात, ज्याने मूळ ओळी हलत नाहीत. बिलाला हात लावण्यापूर्वी त्या दिवसाच्या तारखेने आवृत्तीला नाव देतात. एका स्प्रेडशीटमध्ये नाव दिलेल्या आवृत्त्या १५ पर्यंतच ठेवता येतात, म्हणून जुन्या बिलांची नावे काढून टाकावी लागतात. त्या संध्याकाळी शेवटची तपासणी मात्र हातानेच झाली. बेरजांवर विश्वास उरला नव्हता, म्हणून सचिवांनी १९ पावत्यांवरचा क्रमांक, नाव आणि रक्कम मोठ्याने वाचली आणि मी पडद्यावरच्या ओळीशी एकेक ताडून पाहिली. ५८ क्रमांकासमोर २,४७१ आले, ९७ समोर १,२४८.